पत्र पेटीत पडलं, पण बांधला कोण गेला?

"कॉन्ट्रॅक्टच्या प्रॉब्लेमला आयरॅक एकदाच लावा. इश्यू एकच लिहा, करार झाला का? कलमं सगळी रूलमध्ये एकदम ओता, मार्क तिथंच असतात. ॲप्लिकेशनला दोन ओळी पुरे. आणि पोस्टाचा नियम विसरू नका: पत्र पेटीत पडलं की काम झालं, मग ते ऑफरचं असो, स्वीकाराचं असो की रद्द करण्याचं."

बेळगावातल्या लॉच्या पोरांच्या ग्रुपवर हा फॉरवर्ड फिरतोय. आयरॅक म्हणजे इश्यू, रूल, ॲप्लिकेशन, कन्क्लूजन अशा चार पायऱ्यांत उत्तर लिहायची पद्धत. माझ्या भाचीनं ते वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घेतलंय आणि त्याच पद्धतीनं सोडवलेला एक प्रश्न रविवारी माझ्यापुढं ठेवला. "मावशी, उत्तर तर बरोबर आलं की!" उत्तर बरोबर होतं, कारण साफ चुकीचं.

प्रश्न असा. निपाणीचा मारुती १ जूनला खानापूरच्या शंकरला पत्र लिहितो, "माझा ट्रॅक्टर चार लाखाला देतो." पत्र शंकरला ३ तारखेला मिळतं. ४ तारखेला मारुती दुसरं पत्र टाकतो, "विकायचा नाही." ५ तारखेला सकाळी शंकर "घेतो" म्हणून पत्र टाकतो. मारुतीचं दुसरं पत्र ६ तारखेला शंकरच्या हातात पडतं. ७ तारखेला शंकरचंही मन बदलतं, तो फोन करून मारुतीला "नको" सांगतो. त्याचं स्वीकाराचं पत्र मारुतीला मिळतं ८ तारखेला.

भाचीनं लिहिलं होतं: मारुतीनं ४ तारखेलाच पत्र टाकलं, म्हणून ऑफर संपली, करार नाही. हे त्या पोस्टाच्या वाक्यानं केलेलं नुकसान.

भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ४ उघडून बघा. तिथं घड्याळ एक नाही. प्रस्ताव समोरच्याला कळतो तेव्हा पोचतो. स्वीकार प्रस्ताव देणाऱ्याला बांधतो तो पत्र स्वीकारणाऱ्याच्या हातून सुटलं की, पण खुद्द स्वीकारणाऱ्याला बांधतो तो पत्र समोरच्याला कळल्यावर. माघारीलाही अशीच दोन टोकं आहेत: माघार घेणाऱ्यापुरती ती पत्र टाकताच पुरी होते, समोरच्यापुरती त्याला कळल्यावर. आणि कलम ५ खालच्या उदाहरणात घराच्या विक्रीवरून हेच स्वच्छ सांगितलंय: शंकरच्या जागी असलेला माणूस स्वीकाराचं पत्र टाकेपर्यंतच प्रस्ताव मागे घेता येतो, आणि ते पत्र पोचेपर्यंत स्वीकार मागे घेता येतो. एवढं एक उदाहरण पाठ असलं तरी तो फॉरवर्ड कोसळतो.

म्हणून इश्यू एक नाही, चार. प्रत्येकाचा रूल त्याच्यापाशीच लिहायचा आणि तारीख लगेच लावायची. पहिला इश्यू, प्रस्ताव आहे का? किंमत ठरलेली, वस्तू ठरलेली, ३ तारखेला कळलेला. दोन ओळीत संपतो. दुसरा, स्वीकार कधी पुरा झाला? मारुतीविरुद्ध ५ तारखेला. तिसरा, मारुतीची माघार वेळेत होती का? शंकरला ती कळली ६ ला, म्हणजे एक दिवस उशिरा. १८८० च्या बर्न विरुद्ध व्हॅन टिनहोवन खटल्यात हेच झालं होतं: माघारीचं पत्र ८ ऑक्टोबरला निघालं, स्वीकाराची तार ११ ला गेली, माघार पोचली २० ला, आणि कोर्टानं करार झाला म्हटलं. म्हणजे ५ तारखेपासून मारुती बांधलेला आहे. चौथा, शंकरची माघार? त्याचं पत्र ८ ला पोचणार होतं आणि फोन मारुतीनं ७ लाच ऐकला, म्हणून शंकर सुटतो.

करार नाही, हे खरं. पण तो मोडला शंकरच्या फोननं, मारुतीच्या पत्रानं नव्हे. आता प्रश्नातला फोन ७ ऐवजी ९ ला करून बघा. उत्तर उलटतं, दोघंही बांधले जातात, आणि फॉरवर्ड पाठ केलेली पोर तरीही "करार नाही" म्हणूनच लिहील.

इंग्लिश कायद्याची पुस्तकं वाचणाऱ्यांनी इथं जास्त जपावं. तिकडं स्वीकाराचं पत्र टाकलं की सहसा दोघंही बांधले जातात. आपल्याकडं स्वीकारणाऱ्याला ती मधली फट ठेवलेली आहे.

रूलला मार्क असतात, हे मान्य, कलमाचा नंबर चुकला तर जातात. पण एका ढिगात ओतलेल्या नियमांतून कुठला नियम कुठल्या पत्राला लागतो ते दिसत नाही, आणि ते दाखवायची जागा ॲप्लिकेशनच. शेवटचं कन्क्लूजन मात्र खरंच एक ओळ पुरे.

भाचीला मी उत्तर लिहायच्या आधी समासात तीन रकाने आखायला लावले: कोणी टाकलं, कधी टाकलं, कधी कळलं. ४ तारखेच्या पत्रापुढं तिनं "कळलं ६" लिहिलं, खालच्या ओळीतल्या "टाकलं ५" कडं बघितलं आणि स्वतःच आधीचं उत्तर खोडलं.