व्याजाचं सर्टिफिकेट मागण्याचा मुहूर्त: ३० जुलै, रात्री अकरा

गृहकर्जाच्या व्याजाचं सर्टिफिकेट मागायची घाई कधीही करू नका. एप्रिल-मे आंब्यांचे, जून छत्री शोधण्याचा, आणि रिटर्नची मुदत ३१ जुलैपर्यंत असतेच की. तेव्हा ३० जुलैच्या रात्री अकरा वाजता बँकेच्या पोर्टलवर जा, पासवर्ड तीनदा चुकवा आणि खातं लॉक झालं की निवांत व्हा.

पण मुळात नवीन मागायचंच कशाला? तुमच्या मेलमध्ये एक सर्टिफिकेट पडलेलंच आहे. गेल्या एप्रिलमध्ये काढलेलं, आणि जानेवारीत ऑफिसने पुरावे मागितले तेव्हा तेच पुढे ढकललेलं. त्याच्या डोक्यावर 'प्रोव्हिजनल' असं लिहिलंय. हा शब्द शोभेसाठी छापतात असं खुशाल समजा. त्याचा खरा अर्थ इतकाच की वर्षभर सगळं आहे तसंच चालेल असं धरून बँकेने मांडलेला तो अंदाज आहे: व्याजदर हलणार नाही, हप्ता चुकणार नाही आणि तुम्ही जादा एक रुपया भरणार नाही.

आता समजा, १ एप्रिलला तुमचं २० लाख कर्ज बाकी होतं, दर ९ टक्के, हप्ता २०,०००. प्रोव्हिजनल सर्टिफिकेट सांगतं की वर्षाचं व्याज १,७७,४६२ आणि मुद्दल ६२,५३८. हिशोब चोख. फक्त सप्टेंबरचा हप्ता गेल्यावर तुम्ही, सासऱ्यांचं ऐकून, पाच लाख एकरकमी भरलेत आणि हप्ता तोच ठेवलात. पुढच्या सहा महिन्यांत त्यामुळे २२,९२६ रुपये व्याज वाचलं. म्हणजे खरं व्याज १,५४,५३६. पण हे बँकेला माहीत आहे, तुमच्या एप्रिलच्या कागदाला नाही. तुम्ही जुना आकडाच भरा. तीस टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर सेस धरून ७,१५३ रुपयांचा कर कमी भरल्याचा आनंद मिळेल, नोटीस येईपर्यंत.

फॉर्म १६ मध्येही १,७७,४६२ च असतील, कारण ऑफिसने तुमच्याच कागदावर विश्वास ठेवला. त्यामुळे 'फॉर्म १६ शी जुळतंय' हे समाधानही आहेच. अडचण एकच: रिटर्नमध्ये आता कर्ज खात्याचा नंबर, मंजुरीची तारीख आणि ३१ मार्चची बाकीसुद्धा विचारतात. अंदाजानुसार बाकी १९,३७,४६२ यायला हवी, खरी आहे १४,१४,५३६. कुठला आकडा टाकावा यासाठी नाणेफेक सुचवतो.

काही शंकेखोर लोक सर्टिफिकेटबरोबर वर्षाचं रिपेमेंट स्टेटमेंट मागतात. प्रत्येक हप्त्यातलं व्याज आणि मुद्दल वेगळं दाखवणारा, एकरकमी भरणा तारखेसकट नोंदवणारा हा कागद. सुरुवातीच्या २० लाखांतून वर्षभरात फिटलेलं ५,८५,४६४ मुद्दल वजा केलं की शेवटची बाकी आली पाहिजे, असं ते पेन्सिलीने पडताळतात. (त्यातलं ८०सी खाली दीड लाखापर्यंतच चालतं, पीएफ वगैरे धरून. हे कळल्यावर सासऱ्यांना दोष देऊ नये.) तुम्ही स्टेटमेंटऐवजी रिपेमेंट शेड्यूल मागा. नावं जवळजवळ सारखी, पण शेड्यूल म्हणजे कर्जाची जन्मपत्रिका: पुढे काय व्हायला हवं ते सगळं त्यात असतं, घडलं काय ते सोडून.

मागताना वर्षही मोघम सांगा. 'यंदाचं द्या.' किंवा त्याहून उत्तम, असेसमेंट इयर सांगा. २०२४-२५ च्या उत्पन्नाचं असेसमेंट इयर २०२५-२६. तुम्ही '२५-२६' म्हणालात की बँक ते आर्थिक वर्ष समजून चालू वर्षाचं, अर्थात पुन्हा प्रोव्हिजनल, तत्परतेने पाठवते. '१ एप्रिल ते ३१ मार्च, फायनल' असं तारखांनिशी लिहिणारे लोक एका मेलमध्ये सुटतात. त्यात कसली मजा?

आणि तुमची विनंती नोंदवली गेली आहे, 'दोन-तीन कामाच्या दिवसांत' पाठवतो असा मेसेज ३१ तारखेला आला, तर मुदत गेली तरी बिघडत नाही म्हणा. उशिराचं रिटर्न भरताच येतं, लेट फी देऊन. फक्त मुदतीनंतर जुनी करप्रणाली निवडता येत नाही. नव्या प्रणालीत राहत्या घराच्या कर्जावरच्या व्याजाची वजावट शून्य. दीड लाखाची नाही, दीड रुपयाचीही नाही.

२ ऑगस्टला मेल येईल. उघडून बघा. फायनल असेल, वर्ष बरोबर असेल, बाकी १४,१४,५३६. अगदी पैशापर्यंत जुळेल.