अज्ञानाचा पडदा आणि मामा तलावाचं पाणी

«रॉल्सचा तो अज्ञानाचा पडदा म्हणजे जात-पात, गरीब-श्रीमंत विसरा आणि सगळ्यांना सारखंच द्या. म्हणजे सवलती नकोत, आरक्षण नको. आणि तसंही स्वतःला विसरून कोणी विचार करू शकतो का? सगळं पुस्तकी.»

गावाकडच्या ग्रुपवर हा मजकूर गेले काही दिवस फिरतो आहे. त्यात तीन वेगळी विधानं आहेत, म्हणून उत्तरही तीन भागांत देतो.

पहिलं विधान सगळ्यात महत्त्वाचं, आणि तेच सगळ्यात चुकीचं. जॉन रॉल्स या अमेरिकन तत्त्वज्ञाने ही मांडणी १९७१ साली पुस्तकरूपाने केली. तिचा गाभा असा: समाजाचे नियम ठरवायला बसलेल्या माणसाला आपण कोणत्या घरात जन्मलो, किती हुशार किंवा धडधाकट आहोत, कशावर श्रद्धा ठेवतो, यातलं काहीच माहीत नाही असं धरायचं. जग कसं चालतं हे मात्र त्याला माहीत असतं. शेती, बाजार, माणसाचा लोभ, भीती हे सगळं त्याला कळतं. झाकायचं असतं ते फक्त त्यात आपली जागा कोणती हे.

आता भंडारा-गोंदियाकडच्या एखाद्या मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावाखालचं शिवार डोळ्यांपुढे आणा. धान पोटरीत आलं आहे, पावसाने दडी मारली आहे आणि तलावात थोडंच पाणी उरलं आहे. सोयीसाठी तीनच घरं धरू. एकाची बांधी तुडुमाला, म्हणजे तलावाचं पाणी सोडायच्या तोंडाला, लागून, दुसऱ्याची मधे, तिसऱ्याची पाटाच्या शेवटी. घर चालवून देणं फेडायला प्रत्येकाला निदान आठ पोती धान लागतं, असं समजू. पुढचे आकडे मी उदाहरणापुरते घेतले आहेत.

पहिला नियम: ज्याची बांधी आधी लागते त्याने आधी भरून घ्यावं. पीक येतं २०, १४ आणि २ पोती. दुसरा नियम: प्रत्येकाला सारखे तास. ऐकायला हा अगदी समतेचा वाटतो. पण कच्च्या पाटातून पाणी झिरपत जातं, धुऱ्यांच्या फटींतून निसटतं, आणि सहा तासांच्या पाळीतले पहिले दोन तास नुसता पाट ओला करण्यातच जातात. म्हणून पीक येतं १५, ११ आणि ६. सारखे तास देऊनही शेवटच्या घराला आठ पोती होत नाहीत. तिसरा नियम: शेवटच्यापासून सुरुवात, आणि अंतर जास्त तसे तास जास्त. पीक ११, १० आणि ९.

पडद्याआडच्या माणसाला आपली बांधी कुठली ते ठाऊक नाही. तो प्रत्येक नियमात सगळ्यात वाईट जागेवर काय पडतं ते बघतो: २, ६, ९. म्हणून तो तिसरा निवडतो. म्हणजे सारखे तास असलेला नियम इथेच गळतो.

आता चौथा नियम घ्या. पाणी शेवटच्यापासूनच, पण तुडुमाजवळचा शेतकरी पाटातला गाळ काढेल आणि रात्री राखण करेल, त्याबद्दल त्याला एक जादा पाळी. गळती कमी होते आणि पीक येतं १३, ११ आणि १०. वरचा आता खालच्यापेक्षा तीन पोत्यांनी पुढे आहे, तिसऱ्या नियमात दोनच होता. विषमता वाढली. तरी पडद्याआडचा माणूस हाच नियम घेईल, कारण शेवटच्या घराला नऊऐवजी दहा मिळतात. रॉल्सचं भेदाचं तत्त्व ते हेच: तफावत चालेल, पण तिच्यामुळे तळाच्या माणसाचं जास्तीत जास्त भलं होत असेल तरच.

इथे एक खरा आक्षेप आहे, आणि फिरणाऱ्या मजकुरात तो नाही. अर्थशास्त्रज्ञ जॉन हर्सान्यी यांचं म्हणणं असं की कुठली जागा मिळेल हे माहीत नसेल, तर तिन्ही जागांची शक्यता सारखी धरावी आणि सरासरी बघावी. पहिल्या नियमाची सरासरी १२ पोती, चौथ्याची ११.३३. मग शहाणा माणूस पहिला का घेणार नाही? सदैव वाईटातलं वाईट धरून चाललं तर रस्तासुद्धा ओलांडता येणार नाही, असं ते म्हणत.

रॉल्सच्या उत्तरातला मला पटणारा भाग असा. हा निर्णय एका हंगामाचा नाही, लेकराबाळांनाही बांधणारा आहे. आणि जो शब्द आपल्याला पाळता येणार नाही तो आज देऊ नये. पहिला नियम मान्य करून दोन पोत्यांच्या जागी पडलेला माणूस तो पाळेल का? वाळत्या लोंब्या बघून तो रात्री फावडं घेऊन निघतो, वरच्याचा पाट फोडतो, सकाळी हातघाई होते, मग पोलीस पाटलाकडे तंटा. शिवारात हे ज्याने पाहिलं आहे त्याला ‘बांधिलकीचा ताण’ हा रॉल्सचा शब्द समजावून सांगावा लागत नाही. हर्सान्यींचा आक्षेप तरीही पुरता मिटत नाही. तळाच्या घराला आठच्या वर हमखास मिळत असेल, तर त्यापुढे सरासरी बघायला काय हरकत, हा प्रश्न उरतोच आणि त्यावरचा वाद अजून चालू आहे.

शिवाय रॉल्सने हे तत्त्व देशाच्या मूळ घडणीसाठी मांडलं, एका पाटाच्या पाळीसाठी नाही. तलाव इथे समजावण्यापुरता आहे. त्याच्या क्रमात पोत्यांचा हिशेबही सगळ्यात शेवटी येतो. आधी सगळ्यांना सारखी मूलभूत स्वातंत्र्यं, मग खरीखुरी समान संधी, आणि त्यानंतर भेदाचं तत्त्व. दोन पोती जादा देतो म्हणून ग्रामसभेत बोलायचा हक्क काढून घेता येत नाही.

दुसऱ्या विधानाला एवढं लांब उत्तर नको. पडदा एकदम उठत नाही, टप्प्याटप्प्याने उठतो. आधी तत्त्वं ठरतात, मग संविधान, मग कायदे, शेवटी प्रत्यक्ष अंमल. पहिल्या टप्प्यावर आपल्या समाजाची खास परिस्थितीही झाकलेली असते. कायदे करताना मात्र ती समोर ठेवावीच लागते: कोणाची वस्ती गावकुसाबाहेर ठेवली गेली, कोणाच्या नावावर सातबाराच नाही. आरक्षणाचा अमुक कायदा पडद्यातून आपोआप निघतो असं मी म्हणणार नाही. पण तो नको असं तर त्यातून मुळीच निघत नाही. आपली जात न जाणता नियम करणं वेगळं, आणि जात आहे हेच न जाणता नियम करणं वेगळं.

तिसरं विधान. इथे कोणाला स्मृती घालवायला सांगितलेलं नाही. पडदा म्हणजे युक्तिवादावर घातलेलं बंधन आहे. जे कारण फक्त ‘मी इथे आहे’ म्हणून चालतं, ते मांडायचं नाही. हे कोणीही, कधीही करू शकतो.

तुडुमाजवळचा शेतकरी म्हणतो, “हा तलाव माझ्या आजोबांच्या काळचा, पहिलं पाणी माझं.” या कारणातलं ‘माझं’ काढा आणि नियम म्हणून मांडा: ज्याच्या वाडवडिलांनी तलाव बांधला त्याला पहिलं पाणी. आपले वाडवडील कोण हे माहीत नसताना हे कोणी मान्य करेल? माती उपसणारा मजूर कोणाचा आजोबा होता आणि नाव कोणाचं लागलं, तेही पडद्याआड दिसत नाही. ते कारण तिथेच पडतं. तोच शेतकरी पुढे म्हणाला, “दरवर्षी गाळ मी काढतो, राखण मी करतो,” तर हे कारण नाव काढूनही उभं राहतं: जो पाट राखेल त्याला जादा पाळी. ते काम शेवटच्या घरातल्या माणसानेही पत्करलं, तर पाळी त्याचीही.