बंद झालेला मोटार क्लेम पुन्हा उघडता येतो

«व्हाउचरवर सही केली, पैसे खात्यात आले, की क्लेम कायमचा बंद. नंतर वर्कशॉपने कितीही बिलं दिली तरी कंपनी ढुंकून बघत नाही.»

या समजातल्या सहीपासून सुरुवात करू. डिस्चार्ज व्हाउचरवर, म्हणजे रक्कम मिळून क्लेम मिटल्याच्या पावतीवर, सही केली म्हणून पॉलिसीधारकाचा जास्त भरपाई मागण्याचा हक्क संपत नाही, असं विमा नियामकाने 2015 च्या परिपत्रकात कंपन्यांना बजावलं आहे. पण सर्वोच्च न्यायालयाच्या 1999 च्या निकालाचा रोखही लक्षात ठेवा: सही दिशाभूल करून किंवा दबावाखाली घेतली असेल, तर ते तुम्हाला दाखवावं लागतं. सही केली तेव्हा बिघाड दिसतच नव्हता, ही बाजू म्हणूनच भक्कम पुराव्यानिशी मांडायला हवी.

«बिलं देऊन उपयोग नाही» हे मात्र अर्धं खरं आहे. नुसत्या बिलाने फाइल उघडत नाही, कारण तो भाग त्याच धडकेत गेला हे बिलावरून कळत नाही. समजा, घोडबंदर रोडवर गाडीची डावी बाजू डिव्हायडरला घासली. बंपर आणि फेंडरचा क्लेम मिटला. दोन आठवड्यांनी गाडी डावीकडे ओढू लागली, खोलून पाहिलं तर चाकाला धरून ठेवणाऱ्या लोअर आर्मला तडा. इथेच बहुतेकांची चूक होते: आधी दुरुस्ती, मग अर्ज. सर्व्हेअरला बघायला काही उरत नाही. भाग न बदलता कंपनीला ईमेल करा आणि पुन्हा पाहणी मागा. तड्याचा जवळून फोटो घ्या, नंबरप्लेटसकट दुसरा घ्या. ताजा तडा आतून चकचकीत असतो, जुना गंजलेला. सर्व्हेअर हेच बघतो. सोबत अलाइनमेंटचा रिपोर्ट, जॉब कार्ड आणि पहिल्या पाहणीचे फोटो जोडा. जुना भाग वर्कशॉपला टाकू देऊ नका.

आता रक्कम. गाडी साडेतीन वर्षांची, साधी पॉलिसी, घसारामाफीची जोड नाही. आर्म 6,000 रुपये: धातूवर या वयाला 25 टक्के घसारा, म्हणजे 4,500. तुटलेली प्लास्टिकची क्लॅडिंग 2,000: तिच्यावर 50 टक्के, म्हणजे 1,000. मजुरी 2,500 पूर्ण. जीएसटी सोडून 8,000. प्रत्येक क्लेममधून कापली जाणारी सक्तीची वजावट पहिल्या हिशेबात गेली असेल, तर त्याच अपघातासाठी ती दुसऱ्यांदा कापू देऊ नका. अर्जात हा हिशेब लिहाच, नाहीतर पूर्ण बिल मागितलं म्हणून पत्रव्यवहार लांबतो.

अर्जाच्या विषयात जुना क्लेम नंबर टाका, नवा क्लेम नोंदवू नका. तो वेगळा अपघात ठरतो आणि नो क्लेम बोनसचा घोळ होतो. कंपनीच्या तक्रार विभागाला लिहूनही महिनाभर उत्तर नाही किंवा नकार आला, तर वर्षभराच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. ठाणे, नवी मुंबईकरांसाठी ठाण्यातच कार्यालय आहे, तिथे फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही.