जिवंत गोगलगाय २७,००० वर्षांची कशी निघाली?

फिरत असलेला दावा असा: "कार्बन डेटिंग हे थोतांड आहे. जिवंत गोगलगाईचं वय या पद्धतीने २७,००० वर्षं निघालं होतं. अर्धायुष्य ५,७३० वर्षं म्हणतात, ते बसून मोजलं कोणी? पूर्वी हवेत कार्बन-१४ किती होता हे यांना काय माहीत? डायनासोरच्या हाडांतही कार्बन-१४ सापडतो, म्हणजे ते काही हजार वर्षांपूर्वीचेच."

कार्बन-१४ हा कार्बनचा किरणोत्सारी प्रकार. जीव जगत असताना तो शरीरात येत राहतो; जीव मेला की नवा येत नाही आणि असलेला ठरावीक वेगाने कमी होत जातो. किती उरला यावरून वय काढणं म्हणजे कार्बन डेटिंग. आता आधी गोगलगाय घेऊ, कारण ही गोष्ट खरी आहे. अमेरिकेतल्या दक्षिण नेवाडात जमिनीतून झरे फुटतात. त्या झऱ्यांत राहणाऱ्या जिवंत गोगलगाईंच्या शिंपल्यांवरचा ॲलन रिग्ज यांचा शोधनिबंध १९८४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. आजच्या हवेच्या हिशेबाने जितका कार्बन-१४ असायला हवा, त्याच्या जेमतेम ३.३ टक्के त्या शिंपल्यांत होता. हा आकडा सूत्रात घातला की वय २७,००० वर्षं येतं.

मोजमाप चुकलं नव्हतं. शिंपल्यात कार्बन-१४ खरोखरच तेवढा कमी होता. प्रश्न आहे तो का कमी होता याचा, आणि त्याचं उत्तर पाण्यात आहे. शिंपला कॅल्शियम कार्बोनेटचा बनतो आणि त्यातला बराचसा कार्बन गोगलगाय पाण्यात विरघळलेल्या बायकार्बोनेटमधून घेते. त्या भागातलं भूजल चुनखडीच्या जुन्या खडकांतून दीर्घकाळ मुरत आलेलं असतं. चुनखडी कोट्यवधी वर्षं जुनी, तिच्यातला कार्बन-१४ केव्हाच संपलेला. अशा 'मृत' कार्बनने भरलेल्या पाण्यात वाढलेला शिंपला जन्मापासूनच जुना दिसणार.

वयाच्या सूत्राला दोन गोष्टी लागतात: आता किती उरलाय आणि सुरुवातीला किती होता. दुसरी गोष्ट आपण हवेवरून धरतो. झाड कार्बन हवेतून घेतं, गवत खाणारी गाय तो गवतातून घेते, म्हणून त्यांच्या बाबतीत हे धरणं बरोबर ठरतं. झऱ्यातल्या गोगलगाईच्या बाबतीत ते चूक आहे, आणि रिग्ज यांचा निबंध नेमका याच त्रुटीबद्दल होता. म्हणजे ज्या निबंधाने ही मर्यादा मोजून दाखवली, तोच आज पद्धत खोटी असल्याचा पुरावा म्हणून फिरवला जातोय. याचा मला मनापासून राग येतो.

अशी गडबड ओळखताही येते. त्याच थरातली जमिनीवरच्या झाडाची बी किंवा डहाळी घ्यायची आणि तिचं वय शिंपल्याच्या वयाशी ताडून पाहायचं. दोन्हींत हजारो वर्षांचा फरक आला तर दोष पाण्याचा. समुद्रातही हेच घडतं, फक्त फरक लहान असतो: पृष्ठभागाजवळच्या पाण्यातले जीव साधारण ४०० वर्षं 'जुने' दिसतात. म्हणून आयुष्यभर मासे खाल्लेल्या माणसाच्या हाडाचं वय काढतानाही ही दुरुस्ती करावी लागते.

आता अर्धायुष्य, म्हणजे कार्बन-१४ निम्मा व्हायला लागणारा काळ. तो मोजायला ५,७३० वर्षं थांबावं लागत नाही, कारण अणू प्रचंड संख्येने असतात. ताज्या लाकडातून काढलेला एक ग्रॅम कार्बन घ्या. त्यात कार्बन-१४ चे सुमारे ६,००० कोटी अणू असतात. त्यातले दर मिनिटाला साधारण १४ अणू फुटतात आणि प्रत्येक फुटीतून एक इलेक्ट्रॉन बाहेर पडतो, तो यंत्राला मोजता येतो. मिनिटाला १४ म्हणजे वर्षाला सुमारे ७३ लाख. एकूण अणूंशी हे प्रमाण पडतं ८,२०० ला एक. या वेगाने निम्मे अणू संपायला किती वर्षं लागतील हा पुढे शाळेतल्या लॉगॅरिदमचा प्रश्न, आणि उत्तर ५,७०० च्या आसपास येतं. प्रत्यक्ष मापनात कार्बन-१४ चं प्रमाण मुद्दाम वाढवलेला नमुना वापरतात, म्हणजे आकडा नेमका मिळतो: ५,७३०, चाळीस वर्षं इकडे-तिकडे.

ही पद्धत उभी करणारे विलार्ड लिबी ५,५६८ हा आकडा वापरत. प्रयोगशाळा आजही आपलं प्राथमिक वय त्याच जुन्या आकड्याने काढतात. ऐकायला विचित्र वाटतं, पण ते वय कॅलेंडरच्या वर्षांत बदलण्यासाठी ज्या वक्राशी जुळवायचं तो वक्रही त्याच आकड्याने काढलेला असतो, त्यामुळे अंतिम तारखेत फरक पडत नाही.

त्या वक्रातच हवेबद्दलच्या शंकेचं उत्तर आहे. हवेतलं प्रमाण कायम सारखं नव्हतं, हे बरोबरच आहे. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र आणि सूर्याची सक्रियता बदलली की तेही बदलतं. म्हणून ते गृहीत न धरता मोजलं जातं. झाडाचं प्रत्येक वर्तुळ त्या-त्या वर्षीच्या हवेतला कार्बन धरून ठेवतं. वर्तुळं मोजून वर्ष कळतं आणि त्याच वर्तुळातला कार्बन-१४ मोजून त्या वर्षीची हवा कळते. एकावर एक जुळणाऱ्या ओंडक्यांची अशी साखळी १२,००० वर्षांहून मागे गेली आहे. त्याच्याही मागे जपानच्या सुइगेत्सु तळ्याच्या गाळात वर्षावर्षाचे थर आहेत आणि त्यांत अडकलेली झाडांची पानं. या सगळ्यावरून तयार झालेला २०२० चा वक्र ५५,००० वर्षांपर्यंत जातो. दुरुस्ती छोटी नसते: प्रयोगशाळेचं १०,००० वर्षं हे वय कॅलेंडरवर सुमारे ११,५०० ठरतं. बातमीत कार्बन डेटिंगचा आकडा वाचलात तर तो जुळवणीच्या आधीचा की नंतरचा, हे जरूर पाहा.

राहिले डायनासोर. पक्षी सोडले तर शेवटचे डायनासोर ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी गेले. तेवढ्या काळात कार्बन-१४ ११,५०० हून अधिक वेळा निम्मा होतो. अख्खी पृथ्वी कार्बन-१४ ची असती तरी दहा लाख वर्षांत एक अणू उरला नसता. मग हाडात सापडतो तो कुठला? नंतर शिरलेला. हाड सच्छिद्र असतं. त्यात पाणी झिरपतं, जिवाणू वाढतात, संग्रहालयात त्यावर डिंक किंवा लाख लावलेली असते. प्रयोगशाळेत नमुना तयार करतानाही हवेतला थोडा कार्बन चिकटतोच.

हा 'थोडा' किती फसवतो ते बघा. कार्बन-१४ अजिबात नसलेल्या नमुन्यात एक टक्का आजचा कार्बन मिसळला तर वय ३७,००० वर्षं दिसतं. हजारात एक भाग मिसळला तर ५५,०००. म्हणूनच कुठल्याही अतिप्राचीन वस्तूचं वय 'तीस-चाळीस हजार' येतं आणि दाव्यात नेमके तेच आकडे दिसतात. खरोखर ४०,००० वर्षांच्या हाडालाही एक टक्का भेसळ ३३,००० वर पोचवते, त्यामुळे या टोकाला काम करणारे लोक फार जपून असतात. हाड आम्ल-अल्कलीने धुवून फक्त कोलाजेन हे हाडातलं प्रथिन वेगळं काढतात, त्यातलं कार्बन-नायट्रोजनचं गुणोत्तर तपासतात, आणि सोबत मुद्दाम कार्बन-१४ नसलेला एक नमुना त्याच प्रक्रियेतून काढतात. या कोऱ्या नमुन्यातही जो कार्बन-१४ दिसतो, तो प्रयोगशाळेने घातलेला. एकाच हाडाच्या वेगवेगळ्या घटकांनी वेगवेगळी वयं दिली तर भेसळ नक्की.

डायनासोरचं वय मुळात कार्बनने काढतच नाहीत. हाडांच्या वर-खाली असलेल्या ज्वालामुखीच्या राखेतलं पोटॅशियम-४० आणि त्यापासून झालेला आर्गॉन मोजतात. पोटॅशियम-४० चं अर्धायुष्य सुमारे १२५ कोटी वर्षं आहे.