‘फाइल मायी झाली ना?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: “भाऊ, तुमच्या शेतकरी पॅकचे पाचशेच्या वर पैसे मोजले, तं फाइल मायी झाली ना? मंग कोणाले देऊ नको म्हननारे तुमी कोन? ४९ रुपयात द्याची वस्तू ६ डॉलरले इकता, अन् नमुन्यात एकच पात्र. गावच्या पोरायले लुटनं आहे हे.”

भाऊ, माझ्या पॅकमध्ये मोहो या ॲनिमेशन सॉफ्टवेअरमध्ये हलवता येणारी कार्टून पात्रं आहेत. ती व्हिडिओत वापरा, पण फाइल कुणाला देऊ नका, असा त्याचा परवाना आहे. आर्वीच्या एखाद्या कृषी केंद्रानं तुम्हाला बियाण्याची जाहिरात सांगितली असं धरा. पॅकमधला शेतकरी आणि बैलजोडी घेऊन तुम्ही अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ केला आणि एमपी४ दुकानदाराला दिला. त्याचे दोन हजार घ्या की दहा, मला त्यातला छदाम नको. पोळ्याला तेच बैल दुसऱ्या दुकानासाठी नाचवा, तरी हरकत नाही.

अडतं कुठं? दुकानदार म्हणतो, “फाइलही देऊन ठेव, पुढच्या हंगामात पुतण्या बदल करेल.” ती .moho फाइल गेली की पात्र हलवणारी आतली हाडं, तोंडाचे आकार, सगळं पात्रच गेलं. धोतराचा रंग बदलून दिली तरी तेच. व्हिडिओतून शेतकरी सुटा काढून हवा तसा हलवता येत नाही, फाइलमधून येतो, म्हणून मनाई फाइलपुरती आहे. पुतण्याला बदल करायचाच असेल तर त्यानं वेगळी प्रत घ्यावी, नाहीतर तुम्ही बदल करून नवा व्हिडिओ द्या आणि त्याचे पैसे घ्या. ॲपसाठी लॉटी, म्हणजे ॲपमध्ये चालणारं हलकं ॲनिमेशन, करायची असेल तर मात्र आधी विचारा, कारण त्या .json फाइलमधून आकार परत काढता येतात.

परवान्यात ‘मुदत कायम, क्षेत्र जगभर’ असंही लिहिलंय, ते तुमच्यासाठी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९ हक्क दुसऱ्याच्या नावे करण्याबद्दल आहे, पण ते कलम ३०अ मुळे परवान्यालाही लागू होतं. मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं आणि क्षेत्र लिहिलं नसेल तर फक्त भारत, असं धरलं जातं. फुकटच्या पॅकसोबत आलेला एका ओळीचा परवाना म्हणूनच मला भरवशाचा वाटत नाही.

आता ४९ रुपये. माझं दुकान गमरोड या डिजिटल वस्तू विकण्याच्या संकेतस्थळावर आहे. तिथं थेट विक्रीवर १० टक्के आणि वर प्रत्येक व्यवहाराला ५० सेंट कापतात. १ डॉलरला विकलं तर ६० सेंट तिथंच गेले. ६ डॉलरमागे १ डॉलर १० सेंट जातात. स्वस्त वस्तूवरच कापणी जास्त बसते, त्यामुळे सुटं पात्र विकण्याऐवजी मी पॅक करतो.

नमुन्यात पात्र एकच आहे, पण ते अख्खं, हाडांसकट आहे. चालण्याची गुळगुळीत चित्रफीत कुणीही दाखवतो. चालताना कोपर फारसं वाकतच नाही. नमुन्यातल्या शेतकऱ्याचा हात डोक्यावरच्या पाटीपर्यंत न्या आणि कोपराशी फट पडते का, बाही चेपते का बघा. कुणाचंही पॅक घेताना हेच करा, आणि नमुना तुमच्याच मशीनवर उघडा. मोहोच्या जुन्या आवृत्तीत नवी फाइल उघडेलच असं नाही. तुमच्याकडे उघडत नसेल तर आवृत्ती कळवा.