कडेला खरवड, मधे पिठलं

माझा केकचा डबा शेजारी गेला आणि तिथेच रमला. सात इंची, पांढरट अ‍ॅल्युमिनियमचा, लग्नानंतर हरभट रोडवरून घेतलेला. त्यातून भडंग पाठवलं होतं. आमच्या सांगलीत कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत. काहीतरी घालून देऊ म्हणता म्हणता तो वर्षवर्षसुद्धा परत येत नाही. मागायला जावं, तर आपणच भडंगाची भरपाई मागायला आल्यासारखं दिसतं.

इकडे नणंदबाई मुलांसह येणार होत्या आणि मुलांना मामीचा रव्याचा केक हवा होता. तासगावचे बेदाणे घातलेला हा केक मला झोपेतही जमतो. ओव्हन दहा मिनिटं तापवायचा, १८० अंश, पस्तीस मिनिटं, विणकामाची सुई खुपसून बघायची, संपलं. डबा नाही म्हणून काय अडतंय, असं म्हणत मी माळ्यावरून काचेचा सात इंची बोल काढला. माप तेच, पीठ तेवढंच, तेव्हा वेळही तोच. माझं गणित शाळेपासून असंच आहे.

काचेतून सगळं दिसतं, हे तिचं मोठं सुख आणि तेच दुःख. वीस मिनिटं झाली तरी पीठ गारठल्यासारखं पडून. अठ्ठाविसाव्या मिनिटाला कडेनं बदामी गोल दिसला, तेव्हा मी मुलांना हाक मारून दाखवला. पस्तिसाव्याला तो गोल तपकिरी झाला आणि सुई खुपसली तर ओलं पीठ लागून आलं. आणखी दहा मिनिटं ठेवला. मधलं जेमतेम आवळलं आणि कड चामड्याच्या पट्ट्यासारखी झाली.

सासूबाईंनी एक घास खाल्ला. "कडेला खरवड आणि मधे पिठलं," म्हणाल्या. "दोन पदार्थ एकाच भांड्यात केलेस की गं."

त्यांनी आयुष्यात ओव्हनचं बटण फिरवलेलं नाही. पण दुसरा घास बाजूला ठेवत त्या बोलल्या त्याला तोड नव्हती. "मातीच्या भांड्यातला भात कसा, चूल पेटली तरी बराच वेळ ढिम्म. आणि निखारे ओढले तरी रटरटतोच. ही काच त्याच जातीची दिसत्ये."

अगदी त्याच जातीची. अ‍ॅल्युमिनियम काचेपेक्षा शंभर पटींहून जास्त चांगली उष्णता वाहून नेतं. डबा पटकन तापतो, सगळीकडून सारखा तापतो आणि बाहेर काढला की पटकन निवतो. काच उशिरा तापते, पण एकदा तापली की आत धरून बसते. शिवाय ओव्हनच्या लालभडक कांड्यांची थोडी धग तिच्यातून थेट पिठाच्या कडेला लागते. चकचकीत डबा तीच धग बरीचशी परतवून लावतो. म्हणून आपण मधल्या भागाची वाट बघत बसतो आणि तेवढ्यात कड पुढे निघून जाते. आच वाढवली तर अंतर वाढतंच. उपाय उलटा आहे: आच कमी, वेळ जास्त.

दुसऱ्या दिवशी १६५ अंशांवर लावला. आमच्या ओव्हनच्या बटणावर १५० नंतर थेट २०० छापलेलं आहे, त्यामुळे १६५ म्हणजे डोळे बारीक करून केलेला अंदाज. चाळीस मिनिटांनी बघितलं, सुईला थोडं पीठ लागलं. पंचेचाळिसाव्याला एकदोन ओलसर कण चिकटून आले आणि मी बोल बाहेर काढला. कोरडी ठाक सुई येईपर्यंत थांबायचं नाही, कारण बाहेर आल्यावरही काच आतल्या आत शिजवत राहते. दहा मिनिटांनी केक ताटात पालथा केला. कड बदामी, मध्य मऊ. सासूबाईंनी न बोलता दुसरा तुकडा घेतला. आमच्या घरात यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र मिळत नाही.

एक गोष्ट मात्र त्याच दिवशी थोडक्यात हुकली. गरम बोल मी धुतलेल्या ओल्या कडप्प्यावर टेकवणार, इतक्यात सासूबाई ओरडल्या. ओट्यावर दुहेरी घडीचं कोरडं फडकं टाकलं, मग ठेवला. तापलेल्या काचेला एकदम गारवा लागला तर ती तडकते, आणि काचेचे तुकडे असलेला रवा कुणी बेदाणे वेचूनही खात नाही.

नणंदबाई निघताना काळ्या नॉनस्टिकचा डबा भेट देऊन गेल्या. "वहिनी, आता काच नको." मी खूश, कारण धातू तो धातू. पण काळा रंग धग परतवत नाही, पिऊन टाकतो. चैत्रात काळी साडी नेसून विश्रामबागेपर्यंत चालून आलेल्या बाईला वेगळं सांगायला नको. १८० वर लावला तेव्हा तीस मिनिटांतच खालून खमंगाच्या पुढचा वास आला. पालथा केला तर बूड कडवट आणि बाजूची कड कडक. इथेही आच १६५ वर आणली. पण काचेसारखा वेळ वाढवला नाही, कारण हा उशिरा तापणाऱ्यातला नव्हे. तिसाव्या मिनिटाला सुई खुपसली, चौतिसाव्याला काढला. म्हणजे आच दोघांचीही सारखी उतरवायची, मात्र एकाची वाट बघायची आणि दुसऱ्यावर पाळत ठेवायची.

उरला सिलिकॉन. पुण्याच्या भाच्यानं फुलाच्या आकाराचा लालभडक साचा आणला होता. पीठ ओतून उचलला तर तो मधे दुमडला आणि दोन चमचे रवा माझ्या पायावर, एक बेदाणा चपलेत. रिकामा असतानाच ट्रेवर ठेवायचा आणि मग पीठ ओतायचं, ही अक्कल फरशी पुसताना आली. हा साचा उष्णता नीट पोचवतच नाही. म्हणून आच १८० चीच ठेवली आणि बेचाळीस मिनिटं लागली. केक शिजला, पण वरून सोनेरी आणि खालून पांढराफटक, आजारातून उठलेल्या माणसासारखा. वेळ वाढवली तर रंग येण्याआधी केकच वाळतो. खरपूस बूड हवं असेल तर सिलिकॉनच्या नादी लागू नये. इडलीसारखं मऊ चालणार असेल तर उत्तम, फक्त पूर्ण निवल्याशिवाय काढायचा नाही, नाहीतर पाकळ्या साच्यातच राहतात. माझ्या तीन राहिल्या.

मग मी ओव्हनशेजारी कागद चिकटवला: काच १६५, पंचेचाळीस. काळा १६५, तिसाव्या मिनिटाला बघ. लाल १८०, चाळिसाव्याला बघ. पांढरा १८०, पस्तीस.

गेल्या रविवारी शेजारच्या काकू दारात. "अगं, तुझा डबा राहिलाच की!" आत हळदीच्या पानातल्या पातोळ्या. पातोळ्या काढून मी डबा पालथा केला. आंघोळीचं पाणी तापवून तापवून तो बाहेरून रॉकेलच्या स्टोव्हसारखा काळाकुट्ट झाला होता. घासला, तर हात काळे झाले, डबा काही पांढरा झाला नाही.

सासूबाईंनी चष्मा वर सरकवून कागद बघितला. "ह्याला कुठल्या ओळीत घालायचं?"

मी पेन घेतलं, 'पांढरा'वर काट मारली.