‘मस्ट’चा नकार वेगळा, ‘हॅव टू’चा वेगळा

«‘मस्ट’, ‘हॅव टू’, ‘शुड’, ‘ऑट टू’ या चारही शब्दांचा अर्थ ‘पाहिजे’ एवढाच. फरक फक्त जोराचा: ‘मस्ट’ सर्वांत कडक, पुढे उतरती भाजणी. अर्थ बदलत नाही, कोणताही वापरा.»

होकारार्थी वाक्यांत हे कसेबसे निभावते, परंतु वाक्य नकारार्थी केले की ते टिकत नाही. ‘यू मस्ट कम ऑन सॅटर्डे’ आणि ‘यू हॅव टू कम ऑन सॅटर्डे’ या दोन्हींतून शनिवारी यायचे आहे, हेच कळते. मात्र ‘यू मस्ट नॉट कम’ म्हणजे ‘येता कामा नये’, आणि ‘यू डोन्ट हॅव टू कम’ म्हणजे ‘यावे लागणार नाही, आलात तरी हरकत नाही’. पहिल्या वाक्यात बंधन शाबूत आहे आणि ते न येण्याचे आहे. दुसऱ्यात बंधनच उठले आहे. सहकाऱ्यांना शनिवारची सवलत द्यायच्या हेतूने एखाद्या विभागप्रमुखाने ‘मस्ट नॉट कम’ असे कळवले, तर वाचणाऱ्यांना ती सवलत न वाटता प्रवेशबंदी वाटेल. मराठीत ‘येऊ नये’ आणि ‘यावे लागत नाही’ यांची गल्लत आपण कधी करत नाही, हे येथे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

भूतकाळातही हीच अडचण येते. ‘काल मला जावे लागले’ हे सांगायला ‘मस्ट’ उपयोगी पडत नाही. तेथे ‘आय हॅड टू गो’ असेच म्हणावे लागते. ‘ही मस्ट हॅव गॉन’ या वाक्यात सक्ती नसून तर्क आहे: ‘तो गेला असणार’. त्याच जागी ‘ही शुड हॅव गॉन’ म्हटले, तर बहुधा ‘त्याने जायला हवे होते’ असा अर्थ होतो, म्हणजे तो गेला नाही आणि बोलणाऱ्याला ते खटकले आहे.

आता कडकपणाविषयी. ‘यू मस्ट कम टु डिनर’ हे यजमानाचे वाक्य हुकूम नसून आग्रह आहे, आपल्या ‘जेवायला आलंच पाहिजे’सारखा, तेथे सौम्य समजून ‘शुड’ वापरले, तर निमंत्रणातली ऊब कमी होते. बंधन कोठून येते, हेही पाहावे लागते. बोलणारा स्वतः आग्रह धरतो तेव्हा ‘मस्ट’, आणि नियम किंवा परिस्थिती भाग पाडते तेव्हा ‘हॅव टू’, असा कल विशेषतः ब्रिटिश इंग्रजीत आढळतो. तो पक्का नियम नव्हे. अमेरिकेतील रोजच्या बोलण्यात दोन्हींसाठी ‘हॅव टू’च अधिक ऐकू येते.

राहिला ‘ऑट टू’. सल्ला देताना तो आणि ‘शुड’ बहुतेक ठिकाणी एकमेकांच्या जागी चालतात, त्यामुळे दाव्याचा एवढा भाग मान्य करायला हवा. पण मग त्याला ‘शुड’च्या खालची पायरी देण्याला आधार उरत नाही. ‘ऑट’ हे मुळात ‘देणे लागणे’ या अर्थाच्या ‘ओ’ या क्रियापदाचे जुने भूतकाळी रूप आहे, आणि ‘जावे लागते’ म्हणताना आपणही तेच ‘लागणे’ वापरतो.